ट्रेनमध्ये सरळ वर फेकलेला चेंडू : हातात, मागे की पुढे?

शंकासुर

सरळ रूळ, गाडी ताशी १०८ किमीने चालली आहे, वेग कमी-जास्त होत नाही. खिडक्या बंद. बसल्या जागेवरून टेनिसचा चेंडू सरळ वर फेकला, तो हातापासून ८० सेंमी वर जाऊन खाली आला. कुठे पडेल?

'हातात' हे उत्तर पाठ आहे, ते नको. ताशी १०८ म्हणजे सेकंदाला ३० मीटर. ८० सेंमी वर जाऊन परत यायला चेंडूला साधारण ०.८१ सेकंद लागतात. तेवढ्यात डबा २४ मीटर पुढे गेला. एलएचबीचा अख्खा डबा साडेतेवीस मीटरचा असतो! म्हणजे चेंडू हवेत असताना डबा स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त पुढे सरकतो आणि तरी चेंडू हातातच येतो. हे २४ मीटर त्याला कोण नेतं? 'जडत्व' एवढा एक शब्द टाकून पळू नका.

दुसरं, हे खऱ्या गाडीत खरोखर तपासायचं तर किती अचूक उतरतं? 'बरोबर हातात' म्हणजे एका सेंटिमीटरच्या आत की वीतभर इकडे-तिकडे?

---

दादरकर

सोपं आहे. डबा बंद आहे, आतली हवा डब्याबरोबर ३० मीटरनेच चालली आहे. ती हवा चेंडूला घेऊन जाते. म्हणूनच टपावर उभं राहून फेकला तर चेंडू मागे जातो, कारण तिथे हवा सोबत येत नाही. खिडक्या उघड्या असतील तर आतही थोडा मागे पडेल.

---

गरमागरम

म्हणजे बुमराने गाडीत इंजिनाच्या दिशेने १४० ने टाकला तर चेंडू २४८ ने जाणार? बॅट्समनचं काही खरं नाही.

---

शंकासुर

@गरमागरम, पुढे नाही हो, सरळ वर फेकायचा आहे. आणि बॅट्समनही त्याच गाडीत असेल तर त्याला १४०च.

---

तिरकी_रेघ

दादरकर, टपाचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेलं कारण उलटं आहे. हवा चेंडूला पुढे नेत नाही. बंद डब्यातली हवा त्याला *अडवत* नाही, एवढंच तिचं काम.

हे आकड्यांत बघा. समजा हातातून सुटल्या क्षणी चेंडूचा पुढचा वेग शून्य झाला आणि आता फक्त हवाच त्याला ढकलणार आहे. टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅमचा, व्यास साधारण ६.७ सेंमी. त्याच्यावर ३० मीटरचा वारा जेमतेम १ न्यूटन जोर लावतो. त्या जोराने ०.८१ सेकंदात चेंडू पुढे सरकेल सुमारे ४ मीटर. डबा मात्र २४ मीटर गेला. म्हणजे हवेच्या भरवशावर राहिलेला चेंडू २० मीटर मागे, बहुधा मागच्या भिंतीवर आदळेल. लोखंडी गोळा घेतला तर तो ४ मीटरही सरकणार नाही. प्रत्यक्षात टेनिसचा चेंडू आणि लोखंडी गोळा दोन्ही हातातच येतात. हवा वाहून नेत असती तर वजनाप्रमाणे फरक दिसला असता.

आता शंकासुरांचा मूळ प्रश्न. २४ मीटर कोण नेतं? कोणीच नाही, न्यावं लागतच नाही. चेंडू फेकण्याआधीपासून ३० मीटरने चाललेलाच होता. तो वेग त्याला स्टेशन सोडल्यापासून थोडा थोडा मिळत आला. गाडीने बाकाला ढकललं, बाकाने तुम्हाला आणि तुमच्या हाताने चेंडूला. गाडीने सेकंदाला अर्ध्या मीटरने वेग वाढवत १ मिनिटात ३० मीटर गाठले असं धरा. तेवढा वेळ हाताला चेंडूवर ०.०३ न्यूटन जोर लावावा लागतो, म्हणजे ३ ग्रॅम वजनाइतका. हाताला तो कळत नाही, म्हणून वाटतं की चेंडूला कोणी काही दिलंच नाही.

खरं तर उलट विचारायला हवं, की हात सुटल्यावर त्याच्याकडून तो वेग *काढून* कोण घेईल? ५८ ग्रॅमच्या चेंडूचे ३० मीटर एका दशांश सेकंदात संपवायचे तर १७ न्यूटन लागतात, म्हणजे पावणेदोन किलोचा रेटा. हात सुटला की चेंडूवर उरतं फक्त गुरुत्व, आणि ते सरळ खाली ओढतं. मागे ओढणारं तिथे कोणी नाही.

फलाटावरचा माणूस काय बघतो? त्याच्या दृष्टीने तुम्ही चेंडू सरळ वर फेकलेलाच नाही. वरचा वेग सेकंदाला ४ मीटर, पुढचा ३०, म्हणजे जमिनीपासून फक्त साडेसात अंश चढता असा तो निघाला. २४ मीटर लांब आणि ८० सेंमी उंच अशी चपटी कमान त्याला दिसते. कमानीच्या माथ्यावरही चेंडू थांबत नाही, ३० मीटरने पुढे चाललेलाच असतो. तुमचा हात खालून त्याच वेगाने सरकत त्या कमानीच्या दुसऱ्या टोकाशी पोचतो.

---

दादरकर

पटलं, पण टपाचं काय? तिथे मागे पडतोच ना?

---

तिरकी_रेघ

पडतोच, कारण तिथे मागे ओढणारं कोणीतरी आहे. ३० मीटरचा समोरचा वारा. वर दिलेल्याच आकड्यांनी टेनिसचा चेंडू सुमारे ४ मीटर मागे पडेल. सीझन बॉल १६० ग्रॅमचा, तो सुमारे २ मीटर. टेबल टेनिसचा २.७ ग्रॅमचा चेंडू तर १३-१४ मीटर मागे. इथे वजनाप्रमाणे फरक पडला की नाही? हवा काम करते तेव्हा ती अशी ओळखू येते. (कृपा करून हे कागदावरच करा. वर २५,००० व्होल्टची तार असते.)

खिडक्या उघड्या असल्या तरी डब्याच्या मध्यात वारा काही ३० मीटरचा नसतो, पण झोत असतात, आणि हलका चेंडू त्यात भरकटतो. प्रयोगाला जड आणि लहान वस्तू घ्या.

---

सुलभा_जो

हाच वाद आपल्याकडे फार जुना आहे, फक्त गाडीच्या जागी पृथ्वी होती. आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडताना नावेत बसलेल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू उलट जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात, असं म्हटलं. त्यावर वराहमिहिराचा आक्षेप होता की पृथ्वी फिरत असती तर उडालेले पक्षी घरट्याला परतलेच नसते. लल्लाने तर सरळ बाणाचंच उदाहरण घेतलं, की आकाशात सोडलेला बाण पश्चिमेला पडला पाहिजे. शंकासुरांच्या २४ मीटरचाच हा आक्षेप! हात सुटला की खालच्या गोष्टीशी नातं तुटलं, असं त्यात गृहीत आहे.

युरोपातही गलबताच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड बुडाशी पडतो की मागे, यावर भांडणं चालू होती. गॅलिलिओने १६३२ साली जहाजातल्या बंद खोलीचा युक्तिवाद लिहिला आणि १६४० मध्ये गासेंदीने मार्सेयच्या समुद्रात वल्ह्यांच्या जहाजावर तो दगड खरोखर सोडून दाखवला. दगड डोलकाठीच्या बुडाशीच पडला.

माझं स्वतःचं काम वेगळं आहे. सातवी-आठवीच्या मुलांकडून हे गाडीत करून घ्यायचं आहे. हाताने फेकून काही सिद्ध होईल का?

---

तिरकी_रेघ

हाताने फेकून फारसं काही सिद्ध होत नाही. ८० सेंमी उंचीच्या फेकीत हात फक्त १ अंश तिरका झाला तर चेंडू साडेपाच सेंमी बाजूला पडतो. १ अंश कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय आपण झेलतो तेव्हा हात नकळत चेंडूकडे जातो आणि वाटतं, बघा, बरोबर हातात आला.

लल्लाबद्दल गंमत म्हणजे बाण पश्चिमेला पडतो हे खरं आहे, पण त्याने दिलेल्या कारणाने नाही. वर गेलेली वस्तू पृथ्वीच्या आसापासून जरा लांब जाते आणि तिचं फिरणं किंचित मागे पडतं. आपल्या अक्षांशावर, हवा सोडून दिली तर, ५० मीटर वर गेलेला बाण ३ सेंमी पश्चिमेला पडेल. ८० सेंमीच्या चेंडूला हा फरक ०.०६ मिलिमीटर. गाडीच्या स्वतःच्या वेगामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा आणखी एक परिणाम होतो, चेंडू जाण्याच्या दिशेच्या उजवीकडे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी सरकतो. दोन्ही विसरून जा.

सुलभाताई, फेकू नका, *सोडा*. आणि शेजारी ओळंबा टांगा. ओळंब्याशिवाय हा प्रयोग अर्धवट आहे.

---

पी_वे

ओळंब्याचं नाव निघालं म्हणून लिहितो, रुळांचं काम हीच माझी रोजीरोटी. 'सरळ वर' आणि 'स्थिर वेग' हे दोन्ही शब्द रुळावर वाटतात तितके सरळ नाहीत.

एक, घाट. कर्जत ते लोणावळा चढ ३७ला १ आहे. मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावून गाडी एका चालीने चढते आहे असं धरा, आणि वळण क्षणभर विसरा. वेग स्थिर, त्वरण शून्य. आता चेंडू डब्याच्या जमिनीला काटकोनात वर फेका. तो हातात येणार नाही, मागे पडेल. कारण डब्याची जमीन दीड अंशाने कलली आहे, तिचं 'सरळ वर' आणि ओळंब्याचं 'सरळ वर' वेगळं आहे. ८० सेंमीच्या फेकीला हा फरक साडेआठ सेंमी. तोच चेंडू ओळंब्याच्या दोरीच्या रेषेत वर फेकला तर हातात परत येतो. हे गाडी थांबलेली असतानाही जसंच्या तसं होईल. वेगाशी त्याचा काही संबंध नाही.

दोन, वळण. काटा १०८ वर ठाम आहे, पण दिशा बदलते आहे, म्हणजे वेग बदलतोच आहे. १००० मीटर त्रिज्येच्या वळणावर १०८ ने जायचं तर आतल्या बाजूला ०.९ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद त्वरण लागतं. त्यासाठी बाहेरचा रूळ उचललेला असतो, त्याला आम्ही कँट म्हणतो. आपल्या ब्रॉडगेजवर या वळणाला आणि या वेगाला पूर्ण कँट १६१ मिमी हवा. समजा १०० मिमी दिलाय, तर ६१ मिमी कमी पडला. ८० सेंमीच्या फेकीत चेंडू डब्याच्या मानाने सुमारे ११ सेंमी बाहेरच्या बाजूला पडेल. पूर्ण १६१ दिला असता तर चेंडू बरोबर हातात आला असता आणि डोळे मिटून बसलेल्याला वळण आहे हे कळलंही नसतं.

---

शंकासुर

थांबा, म्हणजे पूर्ण कँट असलेल्या वळणावर त्वरण ०.९ असूनही चेंडू हातात? मग 'हातात पडला म्हणजे वेग स्थिर' हा निष्कर्षही काढता येत नाही?

---

पी_वे

एका चेंडूवरून नाही काढता येत. जमिनीला लंब दिशेत फेकलात तर चेंडू एवढंच सांगतो की डब्याची जमीन आणि ओळंबा काटकोनात आहेत. कँटचा सगळा उद्योग तेवढ्यासाठीच असतो.

---

तिरकी_रेघ

पी_वे यांनी मुद्द्याला हात घातला. गाडीचा वेग किती, हे चेंडूला माहीतच नसतं. त्याला फक्त ओळंबा माहीत असतो. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे.

हातातून नुसता *सोडलेला* जड गोळा ओळंब्याच्या दोरीच्या रेषेतच खाली येतो. गाडी स्थिर वेगात असो, वेग वाढवत असो वा ब्रेक मारत असो. त्वरण एकसारखं असेल आणि ओळंबा हेलकावे न घेता एका जागी तिरका स्थिरावला असेल, तर गोळा त्या तिरक्या रेषेवरूनच येतो आणि ओळंब्याच्या टोकाखालीच पडतो.

*वर फेकलेला* चेंडू त्याच कारणाने चौपट सरकतो, कारण तो दुप्पट वेळ हवेत असतो आणि सरकणं वेळेच्या वर्गाने वाढतं. उंची h, गाडीचं त्वरण a, गुरुत्वत्वरण g, तर सोडलेल्या गोळ्याचं सरकणं h × a/g आणि फेकलेल्याचं 4h × a/g.

ब्रेकचं उदाहरण घ्या. सेकंदाला अर्धा मीटर वेग कमी होतो आहे, म्हणजे १०८ वरून थांबायला १ मिनिट आणि ९०० मीटर. हा अगदी साधा, उभ्या माणसाला आधार धरायला न लावणारा ब्रेक. १ मीटरचा ओळंबा ५ सेंमी पुढे झुकेल. १ मीटरवरून सोडलेला गोळा ५ सेंमी पुढे पडेल. ८० सेंमी वर फेकलेला चेंडू १६ सेंमी पुढे पडेल. आणि यात १०८ चा काहीच वाटा नाही, ताशी २० वर असताना हाच ब्रेक लागला तरी १६ सेंमीच. चेंडू हवेत असताना वेगात जो बदल झाला तोच मोजला जातो, आधीचा सगळा हिशेब चेंडूने सोबत घेतलेला असतो.

---

सुलभा_जो

मग मुलांसाठी नेमकं काय काय घ्यायचं? यादी नको, कसं लावायचं ते सांगा.

---

तिरकी_रेघ

सायकलच्या दुकानातून पोलादी छर्रा आणा, १०-१२ मिमीचा, आणि त्याला सेलोटेपने शिवणाचा दोरा चिकटवा. वरच्या बर्थच्या कडेला तो दोरा बांधा, म्हणजे छर्रा जमिनीपासून सुमारे १ मीटरवर लटकेल. शेजारी त्याच कडेवरून, हातभर अंतर सोडून, गवंड्याचा ओळंबा टांगा. त्याचं टोक जमिनीपासून बोटभर वर हवं. छर्ऱ्याखाली पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर, शाईची बाजू खाली, चारही कोपरे चिकटवून. छर्रा पडला की ठिपका उमटतो, आणि ठिपक्याशी वाद घालता येत नाही.

दोरा कात्रीने कापा. प्रयोगशाळेत काडीने जाळतात, गाडीत तसलं काही नको. कात्री दोऱ्याला टेकवून छर्रा शांत होऊ द्या आणि मग एकदम कापा, सावकाश दाबलीत तर दोरा आधी बाजूला ओढला जातो.

सगळ्यात आधी गाडी फलाटावर उभी असताना पाच-सहा वेळा पाडून घ्या आणि त्या ठिपक्यांभोवती पेनने गोल काढा. तोच तुमचा शून्य. फलाटाच्या जागी रूळ कललेला असेल तर ओळंब्याची जागाही नोंदवा, कारण पुढची तुलना ओळंब्याशी करायची आहे, डब्याच्या फळीशी नाही. मग गाडी पूर्ण वेगात, ओळंबा स्थिर दिसेल तेव्हा पुन्हा पाडा. १ मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात, १०८ च्या वेगात गाडी तेवढ्यात साडेतेरा मीटर गेलेली असते. ठिपका त्या गोलाजवळच येतो. साडेतेरा मीटर आणि एक-दोन सेंटिमीटर, ही तुलना मुलांना लगेच भिडते.

---

शंकासुर

'जवळच' म्हणजे? तो एक-दोन सेंमीचा फरक कुठून येतो?

---

तिरकी_रेघ

डब्याच्या डोलण्यातून. हा मुद्दा बहुतेक जण चुकीच्या टोकाने पकडतात. त्यांना वाटतं छर्रा हवेत असताना डबा हलतो म्हणून ठिपका चुकतो. तो भाग लहान आहे. मोठा भाग सुटण्याच्या क्षणाचा आहे. डबा आडवा डोलतोय, समजा सेकंदाला दीड हेलकावा आणि त्वरण ०.३ पर्यंत. यात डबा जागचा हलतो फक्त ३ मिमी, पण मधून जाताना त्याचा आडवा वेग सेकंदाला ३ सेंमी असतो. छर्रा त्या क्षणी सुटला तर तो ३ सेंमीचा वेग घेऊनच निघतो, आणि ०.४५ सेकंदात जवळपास दीड सेंमी बाजूला जातो. हाच हिशेब वर फेकलेल्या चेंडूला लावला तर अडीच सेंमी.

म्हणून एका ठिपक्यावरून काही बोलू नका. वीसेक ठिपके घ्या, त्यांचा पुंजका होतो आणि पुंजक्याचा मध्य ओळंब्याच्या टोकापासून फलाटावर होता तेवढ्याच अंतरावर येतो. पुंजका आडवा लांबट असेल तर डबा आडवा जास्त डोलतोय, रुळाच्या दिशेने लांबट असेल तर गाडी हिसके देतेय.

---

पी_वे

सहमत. कागद डब्याच्या मध्यावर लावा, टोकाला चाकांच्या बोगीवर नको, तिथे हादरे जास्त बसतात. आणि वेग स्थिर आहे का हे फोनच्या जीपीएसवर सोडू नका, तो आकडा उशिरा बदलतो. 10 सेकंदांत ताशी १ किमीचा फरक झाला तर ८० सेंमीच्या फेकीत ९ मिमी सरकतं, तेवढं चालून जाईल. त्याहून जास्त बदल ओळंबाच दाखवेल.

---

बेचैन

फोनमध्ये phyphox नावाचं अ‍ॅप आहे, त्यात त्वरणाचा आलेख येतो. फोन जमिनीला चिकटवून ठेवला की कोणत्या क्षणी दोरा कापायचा ते कळेल.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. छोटा ड्रोन डब्यात तरंगत ठेवला तर? तोही हातातून सुटलेलाच. गाडीने ब्रेक मारला की तो पुढच्या भिंतीवर जाईल का?

---

दादरकर

आता तरी हवा कामाला आली ना! ड्रोन हवेवरच उभा असतो.

---

तिरकी_रेघ

आली, आणि पूर्ण हक्काने. चेंडू ०.८ सेकंदच हवेत असतो, त्याला डब्यातल्या हवेची गरज नसते. ड्रोन मिनिटभर तरंगतो, तेवढ्या वेळात आजूबाजूच्या हवेच्या ओढीने तो हळूहळू हवेबरोबर राहायला लागतो. पण ब्रेक लागताच सुरुवातीला तो पुढे सरकणारच. पुढे काय, हे त्याच्या आतल्या यंत्रावर आहे. खालच्या कॅमेऱ्याने जमिनीची नक्षी बघून जागा धरणारा असेल तर डब्याची जमीन धरून राहील. जीपीएसवर जागा धरणारा असेल तर तो बाहेरच्या पृथ्वीवर उभा राहायला बघेल आणि स्थिर वेगातसुद्धा मागच्या भिंतीकडे जाईल. दोन्ही चालू असतील तर कोणाचं ऐकेल, ते त्या त्या ड्रोनवर. गाडीत उडवून बघू नका, आरपीएफ उचलेल.

---

बेचैन

त्यात तिसरा सेन्सरही असतो, त्वरणाचा. तो ब्रेक ओळखून आधीच तिरका होणार नाही का? मग तो सरकायलाच नको.

---

तिरकी_रेघ

तो सेन्सर ड्रोनवरच आहे, डब्यावर नाही. डब्याने ब्रेक मारला हे तरंगणाऱ्या ड्रोनला हवा ढकलेपर्यंत कळतच नाही. पण वेगात उडताना हवेचा हलका धक्का तो किती लवकर ओळखतो यावर माझा अभ्यास नाही. ड्रोनवाल्या कोणी सांगावं.

---

कळवा_कारशेड

मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी लोकलमध्ये दुपारच्या रिकाम्या डब्यात व्हिडिओ काढलाय. गाडी ठाण्याच्या पुढे वेगात, चेंडू ६० सेंमी वर. प्रत्येक वेळी चेंडू खिडकीच्या बाजूला ७ सेंमी पडतो. पुढे-मागे जवळपास काही फरक नाही. मागे-पुढे पडला असता तर समजलं असतं, हे आडवं का?

---

पी_वे

आकड्यावरून उलट जाऊ. ४ गुणिले ६० म्हणजे २४०, त्याला ७ म्हणजे ३४ला १, साधारण पावणेदोन अंश. रुळाच्या भाषेत हा ५० मिमी कँट झाला. वळणावर कँट जास्त वेगासाठी ठरवलेला असतो आणि लोकल त्याहून सावकाश जात असेल तर डबा आत कललेला राहतो, चेंडू आतल्या बाजूला पडतो. ५० मिमी जादा कँट अशक्य नाही. व्हिडिओत खिडकी वळणाच्या आतल्या बाजूला आहे का?

---

कळवा_कारशेड

तसं वळण दिसत नाही. रूळ सरळच वाटतोय. पण खिडकीतून फार लांबचं दिसत नाही.

---

दादरकर

सगळी माणसं एका बाजूला बसली असतील, डबा त्या बाजूला बसला असेल.

---

पी_वे

रिकाम्या डब्यात नाही. आणि भरलेल्या डब्यातही त्याने पावणेदोन अंश कल यायला फारच लोक एका बाजूला हवेत.

---

तिरकी_रेघ

ओळंबा होता का व्हिडिओत? नसेल तर कँट की हात, हे ठरवता येणार नाही. ६० सेंमीच्या फेकीला १ अंशाचा हात ४ सेंमी देतो, म्हणजे ७ सेंमीला पावणेदोन अंशच पुरतो. उजव्या हाताने फेकणाऱ्यांचा चेंडू बहुधा एकाच बाजूला जातो, आणि तो 'प्रत्येक वेळी' तसाच जातो, म्हणून गाडीचा दोष वाटतो.

यावर साधा उपाय आहे. त्याच पट्ट्यात, त्याच वेगात, तोंड फिरवून बसायचं आणि पुन्हा फेकायचं. गाडीचा कल असेल तर चेंडू पुन्हा त्याच खिडकीकडे जाईल. हाताचा असेल तर आता समोरच्या खिडकीकडे जाईल. कॅमेरा मात्र हलवू नका, तिरक्या कॅमेऱ्यातूनही दोन-तीन सेंमीचा खोटा फरक दिसतो.

---

कळवा_कारशेड

ओळंबा नव्हता. मुलगी डावखुरी आहे, तुमच्या हिशेबात त्याने काही बदलतं का? रविवारी मेगाब्लॉक आहे, पुढच्या शनिवारी दुपारी दोन्ही दिशांना तोंड करून काढायला सांगतो. दोन्ही व्हिडिओ इथेच टाकेन.